दोन बसगाड्या पुन्हा एकदम कधी सुटतील? मसाविवरून लसावि काढण्याची रीत

एका स्थानकातून दोन मार्गांच्या बस सुटतात. पहिल्या मार्गाची बस दर २८ मिनिटांनी, दुसऱ्या मार्गाची दर ३६ मिनिटांनी. सकाळी ६:०० ला दोन्ही एकदम सुटल्या. पुन्हा एकदम कधी सुटतील?

हे उदाहरण वर्गात घातलं की निम्मी मुलं सरळ २८ गुणिले ३६ करतात. उत्तर येतं १००८ मिनिटं, म्हणजे १६ तास ४८ मिनिटं. म्हणजे दोघी रात्री २२:४८ ला एकदम सुटतील. (वेळापत्रकासारखं चोवीस तासांचं घड्याळ वापरतोय; सकाळ-संध्याकाळचा घोळ नको.) गंमत अशी की हे उत्तर खोटं नाही. २२:४८ ला दोन्ही बस खरोखरच एकदम सुटतात. फक्त ती ‘पुढची’ भेट नव्हे, चौथी भेट आहे. त्याआधीच्या तीन भेटी गुणाकार करणाऱ्याच्या हातून निसटल्या. चौथीच का, तिसरी किंवा पाचवी का नाही, हे कळलं की मसावि आणि लसाविचं नातं वेगळं पाठ करावं लागत नाही.

आधी वेळा मांडून पाहू

सूत्राकडे वळण्याआधी कागदावर दोन ओळी लिहा. पहिल्या मार्गाच्या वेळा: ६:००, ६:२८, ६:५६, ७:२४, ७:५२, ८:२०, ८:४८, ९:१६, ९:४४, १०:१२. दुसऱ्या मार्गाच्या: ६:००, ६:३६, ७:१२, ७:४८, ८:२४, ९:००, ९:३६, १०:१२. जुळली वेळ. १०:१२ ला, म्हणजे ४ तास १२ मिनिटांनी, म्हणजे २५२ मिनिटांनी.

इथे उत्तर दोन ओळींत मिळालं, कारण आकडे लहान आहेत. ४७ आणि ५८ मिनिटं असती तर अर्धं पान भरलं असतं आणि मध्येच कुठेतरी साठ मिनिटांचा हातचा चुकला असता. पण ही यादी एकदा तरी करावीच. आपण २८ च्या पाढ्यात आणि ३६ च्या पाढ्यात, दोन्हीकडे येणारी सगळ्यांत लहान संख्या शोधतोय हे त्यातून डोळ्यांना दिसतं. हीच २८ आणि ३६ ची लघुत्तम सामाईक विभाज्य संख्या, म्हणजे लसावि.

चार मिनिटांचा तुकडा

आता त्या निसटलेल्या भेटींकडे येऊ. २८ ला ४ ने भाग जातो, ३६ लाही जातो. दोन्हींना भाग जाणारी सगळ्यांत मोठी संख्या हीच, म्हणजे ४ हा त्यांचा महत्तम सामाईक विभाजक, मसावि. म्हणून वेळ मिनिटांत मोजायचं सोडून द्या आणि चार-चार मिनिटांच्या तुकड्यांत मोजा. पहिली बस दर ७ तुकड्यांनी सुटते, दुसरी दर ९ तुकड्यांनी. दोन्ही बसच्या सुटण्याच्या सगळ्या वेळा तुकड्यांच्या सांध्यावरच येतात; तुकड्याच्या अध्येमध्ये कोणतीच बस सुटत नाही.

आता ७ आणि ९ यांच्यात १ सोडून कोणताही सामाईक विभाजक नाही. पहिल्या बसची एखादी फेरी दुसऱ्या बसच्या वेळेवर पडायची तर ७ ची ती पट ९ ने निःशेष भागली गेली पाहिजे. ७ मध्ये ९ चा काहीच अंश नाही, त्यामुळे तो भार सगळा पटीवर येतो: पटच ९ हवी. म्हणजे पहिली भेट ७ × ९ = ६३ तुकड्यांनी. ६३ तुकडे म्हणजे ६३ × ४ = २५२ मिनिटं.

२८ × ३६ करताना काय झालं ते आता पाहा. २८ म्हणजे ७ × ४ आणि ३६ म्हणजे ९ × ४. गुणाकारात ४ दोनदा आला: ७ × ४ × ९ × ४. तुकड्यांची मिनिटं करायला ४ एकदाच लागतो. दुसरा ४ फुकटचा, म्हणून गुणाकार खऱ्या उत्तराच्या चौपट झाला आणि आपण चौथ्या भेटीवर जाऊन पोचलो. दोन अंतरांचा गुणाकार नेहमी ‘मसावि’व्या भेटीवर नेऊन सोडतो. मसावि १ असेल, जसं ७ आणि ९ चं आहे, तर गुणाकार हीच पहिली भेट. तिथे गुणाकार करणाऱ्या मुलांचं उत्तर बरोबर येतं. एकदा बरोबर आलं की ती सवय पक्की होते, हीच पुढची अडचण.

सूत्र आता आपोआप येतं:

```
लसावि = (पहिली संख्या ÷ मसावि) × दुसरी संख्या
२८ ÷ ४ = ७
७ × ३६ = २५२
```

पुस्तकात हेच ‘मसावि × लसावि = दोन संख्यांचा गुणाकार’ असं छापलेलं असतं. त्यातून बरीच जण आधी २८ × ३६ करतात, मग १००८ ला ४ ने भागतात. उत्तर तेच येतं, पण आधी भागून मग गुणणं जास्त सोपं पडतं. आकडे लहान राहतात, तोंडीही जमतं. शिवाय मसावि काढताना चूक झाली असेल तर २८ ला भागताना बाकी उरून ती बहुतेक वेळा लगेच उघडी पडते.

मसावि काढायचा कसा

४ हा आकडा मी वर नुसता सांगून टाकला. तो शोधायच्या दोन रीती शाळेत असतात. एक मूळ अवयवांची: २८ = २ × २ × ७, ३६ = २ × २ × ३ × ३, सामाईक तेवढे २ × २. लहान आकड्यांना ठीक आहे. दुसरी भागाकाराची, आणि माझं मत विचाराल तर सवय हिचीच लावावी. ही युक्लिडच्या नावाने ओळखली जाते, दोन हजार वर्षांहून जुनी आहे, आणि तिला अवयव पाडावे लागत नाहीत. मोठ्याला लहानाने भागा. बाकी उरली की आधीचा भाजक हा नवा भाज्य आणि बाकी हा नवा भाजक. बाकी शून्य येईपर्यंत हेच. शून्य आलं त्या वेळचा भाजक म्हणजे मसावि.

```
३६ = २८ × १ + ८
२८ =  ८ × ३ + ४
 ८ =  ४ × २ + ०     मसावि = ४
```

हे का चालतं? ज्या तुकड्याने ३६ आणि २८ दोन्ही नेमके मोजता येतात, त्या तुकड्याने त्यांच्यातला फरक, म्हणजे ८, हाही नेमका मोजता येणारच. उलट, जो तुकडा २८ आणि ८ ला पुरतो तो त्यांच्या बेरजेलाही पुरतो. म्हणजे (३६, २८) या जोडीचे सामाईक विभाजक आणि (२८, ८) या जोडीचे सामाईक विभाजक अगदी तेच. जोडी लहान होत जाते, विभाजक बदलत नाहीत. शेवटी (८, ४) वर येतो, आणि ४ ने ८ ला पूर्ण भाग जातो, म्हणजे आता आणखी शोधायचं काही उरत नाही.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे शेवटचा भागाकार उचलणे. वरच्या मांडणीत शेवटच्या ओळीत २ हा भागाकार आहे आणि ४ हा भाजक. घाईत २ लिहिला जातो. मग २८ ÷ २ = १४ आणि १४ × ३६ = ५०४. बाकी कुठेच उरली नाही, म्हणून भागताना चूक कळलीही नाही! ५०४ मिनिटं म्हणजे १४:२४, ती दुसरी भेट आहे. अशा चुकीसाठी पुढची पडताळणी करायचीच.

उत्तर बरोबर आहे हे कसं ओळखायचं

आलेल्या उत्तराला दोन्ही अंतरांनी भागा. २५२ ÷ २८ = ९ आणि २५२ ÷ ३६ = ७. दोन्हीकडे बाकी नाही, म्हणजे ही भेट नक्की आहे. पण पहिली भेट आहे का? त्यासाठी आलेले दोन भागाकार पाहा: ९ आणि ७. त्यांच्यात १ शिवाय सामाईक विभाजक नसेल तरच उत्तर लघुत्तम. ५०४ ला हीच कसोटी लावा: भागाकार १८ आणि १४ येतात, दोन्हींत २ आहे, म्हणजे ही दुसरी भेट. १००८ ला लावा: ३६ आणि २८ येतात, दोन्हींत ४, म्हणजे चौथी. कसोटी नुसती नापास करत नाही, तुम्ही कितव्या भेटीवर आहात तेही सांगते. म्हणून मी मुलांना पहिल्या अर्ध्यावर थांबू देत नाही.

आणखी दोन चुका तर न भागताही दिसतात. उत्तर ४ मिनिटं आलं तर मसाविलाच लसावि समजलं गेलंय. दर २८ मिनिटांनी सुटणारी बस ४ मिनिटांनी परत सुटणार कशी? आणि उत्तर ६३ आलं तर तुकड्यांची मिनिटं करायची राहून गेली.

मिनिटांवरून घड्याळाकडे

गणित बरोबर करून उत्तर चुकतं ते इथे. कॅल्क्युलेटरवर २५२ ÷ ६० केलं की ४.२ दिसतं आणि काही जण ४ तास २० मिनिटं लिहून मोकळे होतात. मोजकेच जण ४ तास २ मिनिटं लिहितात. दशांशातले .२ म्हणजे तासाचा पाचवा भाग, १२ मिनिटं. त्यापेक्षा पूर्णांकात भागा: ६० ने २५२ ला भागलं की भाग ४, बाकी १२.

हाच घोळ सुरुवातीलाही होतो. बस दर १ तास १५ मिनिटांनी असेल तर ती ७५ मिनिटं, १.१५ किंवा ११५ नव्हे. अंतर साडेसात मिनिटांचं असेल तर सगळं सेकंदांत घ्या: साडेसात आणि दहा मिनिटं म्हणजे ४५० आणि ६०० सेकंद, मसावि १५०, लसावि १८०० सेकंद, म्हणजे अर्धा तास. एकक कोणतंही चालेल, फक्त दोन्ही आकडे पूर्णांक आणि एकाच एककात हवेत.

आता खरा प्रश्न बहुधा असा असतो: तुम्ही १५:०५ ला स्थानकावर उभे आहात, दोन्ही बस एकदम सुटण्याची पुढची वेळ कोणती? ६:०० पासून १५:०५ पर्यंत ९ तास ५ मिनिटं झाली, म्हणजे ५४५ मिनिटं. ५४५ ला २५२ ने भागा: भाग २, बाकी ४१. म्हणजे पहिल्या बसजोडीनंतर दोन भेटी होऊन गेल्या आणि शेवटच्या भेटीला ४१ मिनिटं झाली. पुढच्या भेटीला २५२ − ४१ = २११ मिनिटं, म्हणजे ३ तास ३१ मिनिटं आहेत. १५:०५ मध्ये ती मिळवा: १८:३६. बाकी शून्य आली असती तर दोन्ही बस त्या क्षणी तुमच्या डोळ्यांसमोर सुटत असत्या.

‘६:०० ते २२:०० या वेळेत किती वेळा एकदम सुटतील?’ असं विचारलं तर ९६० मिनिटांना २५२ ने भागून भाग ३ येतो, पण उत्तर ४ आहे. ६:०० ची भेट मोजायची राहते. प्रश्नात ‘पुन्हा’ हा शब्द असेल तर मात्र ३.

तिसरा मार्ग आला तर? समजा त्याची बस दर २१ मिनिटांनी आहे आणि तीही ६:०० लाच निघाली. इथे ‘तिन्हींचा गुणाकार भागिले मसावि’ करू नका, ते सूत्र दोनच संख्यांचं आहे. २८, ३६ आणि २१ या तिन्हींचा मसावि १, गुणाकार २११६८. म्हणजे जवळजवळ पंधरा दिवस. खरं उत्तर: आधी दोघींचा लसावि २५२ घ्या, मग २५२ आणि २१ चा काढा. २१ ने २५२ ला पूर्ण भाग जातो, तेव्हा लसावि २५२ च. तिसरी बस १०:१२ ला हजरच असते.

पहिली बस एकदम सुटली नसेल तर

आतापर्यंत सगळं एका गोष्टीवर उभं होतं: ६:०० ला दोन्ही बस एकदम सुटल्या. खऱ्या वेळापत्रकात असं क्वचितच असतं. समजा पहिली ६:०० ला सुरू होते आणि दुसरी ६:०८ ला. अंतरं तीच, २८ आणि ३६. नुसता लसावि काढून १०:१२ लिहिलं तर सपशेल चूक. १०:१२ ला पहिली बस सुटते, पण दुसरीच्या वेळा आता ८ मिनिटांनी सरकल्या आहेत.

पुन्हा तुकड्यांकडे या. ८ मिनिटं म्हणजे २ तुकडे. पहिली बस ०, ७, १४, २१… तुकड्यांवर सुटते. दुसरी २, ११, २०, २९… वर. दुसरीच्या कोणत्याही वेळेला ९ ने भागलं तर बाकी २ उरते. तेव्हा पहिलीच्या वेळांना ९ ने भागत जा आणि बाकी २ येण्याची वाट पाहा. ७ ची बाकी ७, १४ ची ५, २१ ची ३, २८ ची १, ३५ ची ८, ४२ ची ६, ४९ ची ४, ५६ ची २. सापडली. ५६ तुकडे म्हणजे २२४ मिनिटं, ६:०० नंतर ३ तास ४४ मिनिटं: ९:४४. दुसरीकडून पडताळा: ६:०८ नंतर ३६ मिनिटांच्या सहा फेऱ्या म्हणजे ३ तास ३६ मिनिटं, म्हणजे ९:४४.

बाक्यांची ओळ परत एकदा वाचा: ७, ५, ३, १, ८, ६, ४, २. एकही आकडा दोनदा आलेला नाही. ७ आणि ९ मध्ये सामाईक विभाजक नसल्यामुळे नऊ फेऱ्यांत ९ च्या सगळ्या बाक्या एकेकदा येऊन जातात, त्यामुळे फार तर नऊ फेऱ्या तपासाव्या लागतात. आकडे मोठे असतील तर अशी एकेक बाकी तपासण्याऐवजी कुट्टक रीत आहे. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या ग्रंथात दिलेली ही रीत वरच्याच भागाकारांच्या साखळीवरून उलटं चढत जाऊन पट शोधते.

एकदा ९:४४ सापडलं की पुढे लसावि पुन्हा कामाला येतो: पुढची भेट ९:४४ नंतर २५२ मिनिटांनी, १३:५६ ला. लसावि दोन भेटींमधलं अंतर सांगतो. पहिली भेट कुठे, हे त्याला माहीत नसतं.

आता दुसरी बस ६:०८ ऐवजी ६:१० ला सुरू करा. १० मिनिटांचे चार-चारचे पूर्ण तुकडे होत नाहीत; अडीच तुकडे होतात. पहिलीच्या सगळ्या वेळा सांध्यावर, दुसरीच्या सगळ्या वेळा तुकड्याच्या बरोबर मध्यावर. या दोन बस कधीच एकदम सुटणार नाहीत, वर्षभर उभे राहिलात तरी. सगळ्यांत जवळ आल्या तरी त्यांच्यात २ मिनिटं राहतीलच. म्हणून सुरुवात वेगवेगळी असेल तर पहिलं काम हे: पहिल्या वेळांतल्या फरकाला मसाविने भागून पाहा. बाकी उरली तर पुढचं काही करायचं नाही. वेळापत्रक आखणाऱ्याला हे उलट बाजूने उपयोगी पडतं. एका फलाटावरून दोन बस एकाच क्षणी काढायच्या नसतील तर दुसरीची सुरुवात २ मिनिटांनी सरकवली की झालं.

दिवस संपतो तेव्हा

२५२ मिनिटांची उडी कितीही वेळा मारता येते, बस मात्र रात्री थांबतात. शेवटची बस २२:०० च्या आत असेल तर २२:४८ ची भेट कागदावरच राहते आणि दुसऱ्या दिवशी मोजणी ६:०० पासून नव्याने सुरू होते. दिवसाच्या मध्येच अंतर बदलत असेल, गर्दीच्या वेळी २८ ऐवजी २० मिनिटांनी बस सोडत असतील, तर त्या टप्प्यातल्या पहिल्या दोन वेळा घेऊन फरकाची तपासणी परत करायची. सकाळचा लसावि दुपारी चालत नाही.

आणि समजा बस रात्रंदिवस, न थांबता, याच अंतराने धावत राहिल्या, तर? २२:४८ नंतरची भेट पहाटे ३:०० ला, मग ७:१२ ला. दुसऱ्या दिवशी ६:०० ला भेट नाहीच. ती पुन्हा नेमकी सकाळी ६:०० ला कधी येईल? हाही लसाविचाच प्रश्न, फक्त आता २५२ आणि दिवसाची १४४० मिनिटं यांचा:

```
१४४० = २५२ × ५ + १८०
 २५२ = १८० × १ + ७२
 १८० =  ७२ × २ + ३६
  ७२ =  ३६ × २ + ०     मसावि = ३६
२५२ ÷ ३६ = ७
७ × १४४० = १००८०
```

खरं तर १४४० ने गुणायचीही गरज नव्हती, नुसता ७ पाहिला तरी पुरे: सात दिवस. सोमवारी ६:०० ला एकदम निघालेल्या या दोन बस मधल्या ३९ भेटी वेगवेगळ्या वेळांना घेऊन, चाळिसाव्या भेटीला पुढच्या सोमवारी नेमक्या ६:०० ला एकदम सुटतात.